घरात, दारात आणि शोधयंत्राच्या शब्दसूचीत

जुन्या वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहात शोधपेटीत ‘घरा’ एवढंच टाईप केलं, की खाली लगेच घरात, घराने, घराला असे शब्द उमटतात. संग्रहात लाखो वेगवेगळे शब्द असतात. त्यातले ‘घरा’ने सुरू होणारे नेमके शब्द यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत कसे वेचले?

शोधयंत्र मजकूर आधीच वाचून ठेवतं आणि प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या पानांवर आला, याची यादी लिहून ठेवतं. आपण शब्द टाकला की पानं चाळली जात नाहीत. शब्दांच्या सूचीत तो शब्द शोधला जातो आणि त्याची यादी उचलली जाते. म्हणून सगळी भिस्त या सूचीच्या रचनेवर असते. शब्द वर्णक्रमाने लावून दर वेळी यादी मधोमध तोडत शोधता येतं. दहा लाख शब्दांना साधारण वीस तुलना पुरतात. मात्र त्यासाठी अख्खी यादी हाताशी हवी, आणि तिच्यात ‘घरा’ ही तीच तीन चिन्हं शब्दागणिक पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. दुसरी ओळखीची पद्धत हॅश टेबलची. ती पूर्ण शब्द झटक्यात शोधते, पण शब्द विखरून ठेवते. शेजारी असायला हवेत ते घरात आणि घराला तिथे कुठल्या कुठे जाऊन पडतात. अर्धवट शब्दासाठी तिचा काही उपयोग नाही.

यावरचा एक उपाय जुना आहे. 1959 मध्ये रेने द ला ब्रियांदे आणि 1960 मध्ये एडवर्ड फ्रेडकिन यांनी तो मांडला. फ्रेडकिन यांनी त्याला दिलेलं ‘ट्राय’ हे नाव आजही चालतं. कल्पना सोपी आहे: सुरुवात सारखी असेल, तर ती एकदाच लिहायची.

सहा शब्द घेऊन हे करून पाहू: घरात, घराने, घराला, दारात, दाराने, दाराला. संगणकाच्या लेखी काना आणि मात्रा हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. त्यामुळे ‘घरात’ म्हणजे घ, र, काना, त अशी चार चिन्हं. सहा शब्दांची मिळून एकतीस होतात. आता एका मूळ गाठीपासून सुरुवात करू आणि प्रत्येक चिन्हासाठी एक बाण काढू. घ, र, काना हे तीन बाण तिन्ही ‘घर’वाल्या शब्दांना सामाईक. तिथून तीन फाटे फुटतात: एक त, दुसरा न आणि त्यावरची मात्रा, तिसरा ल आणि काना. झाले आठ बाण. ‘दार’च्या बाजूला एक काना जास्त, म्हणून नऊ. एकतीस चिन्हांचं काम सतरा बाणांत झालं.

‘घरा’ शोधायचं तर तीन बाण चालायचे, आणि ज्या गाठीशी पोहोचलो तिच्यापुढचे सगळे फाटे वाचायचे. सूचीत सहा शब्द असोत की साठ लाख, त्या गाठीपर्यंतची चाल तीनच पावलांची.

मात्र या झाडाकडे नीट पाहिलं, तर एक उधळपट्टी डोळ्यांत भरते. ‘घरा’नंतरचा तीन फाट्यांचा झुबका आणि ‘दारा’नंतरचा झुबका अगदी एकसारखे आहेत. मराठीत हे होणारच. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात आणि हजारो नामांना तेच ते लागतात. ट्राय सुरुवाती एकत्र करतो, शेपट्या मात्र शब्दागणिक नव्याने लिहितो.

शेपट्याही एकत्र केल्या तर? ‘घ’नंतर उरतं र, काना आणि तो झुबका. ‘दा’नंतरही नेमकं तेच उरतं. मग ‘दा’चा बाण थेट ‘घ’नंतरच्या गाठीवरच नेऊन सोडायचा. आता मोजा: घ, द, द-नंतरचा काना, मग सामाईक र, काना, त, न, मात्रा, ल, काना. दहा बाण. आणखी गंमत पुढे आहे. शहरात, शहराने, शहराला हे तीन शब्द वाढवायचे, तर ट्रायला नऊ नवे बाण लागले असते. इथे फक्त दोन लागतात, श आणि ह. ह-चा बाण त्याच ओळखीच्या गाठीवर उतरतो. सूची जितकी मोठी, तितका हा फायदा वाढत जातो. मराठीसारख्या प्रत्ययांच्या भाषेसाठी ही रचना जणू बेतून केली आहे, असं मला वाटतं.

पण वाटा एकत्र आल्या की एक अडचण उभी राहते. ट्रायमध्ये प्रत्येक शब्दाचा शेवट वेगळ्या गाठीवर होता, तिथे त्या शब्दाची माहिती टांगता येत होती. आता सगळे शब्द एकाच शेवटच्या गाठीवर येऊन थांबतात. मग ‘घराला’ची यादी कोणती आणि ‘दाराला’ची कोणती, हे कळायचं कसं?

उत्तर असं, की माहिती गाठीवर न ठेवता बाणांवर वाटून ठेवायची. शब्दांना क्रमाने 0 ते 5 आकडे देऊ. द-च्या बाणावर 3 लिहू, न-च्या बाणावर 1, ल-च्या बाणावर 2, बाकी सगळीकडे शून्य. वाट चालताना आकड्यांची बेरीज करत जायचं. ‘घराला’चे 2 होतात. ‘दाराला’चे 3 अधिक 2, म्हणजे 5. नंतर ‘शहर’ आलं तर श-वर 6 लिहायचे, की ‘शहराने’चा क्रमांक आपोआप 7. प्रत्येक शब्दाची बेरीज वेगळी येते, आणि ती त्या शब्दाचा क्रमांकच असते. अशा आकडे वाहणाऱ्या जाळ्याला फायनाइट स्टेट ट्रान्सड्यूसर, थोडक्यात एफएसटी म्हणतात. एकाच सुरुवातीचे शब्द क्रमाने सलग येतात, म्हणून ‘दारा’ टाकलं की 3 ते 5 हा पट्टाच हाती लागतो.

कोणते आकडे ठेवायचे यावर मात्र बरंच अवलंबून असतं. समजा क्रमांकाऐवजी फाइलमधले पत्ते थेट बाणांवर ठेवले: घरात 0, घराने 40, घराला 95, आणि दारात 130, दाराने 138, दाराला 400. पहिल्या तिघांतली अंतरं 40 आणि 95, दुसऱ्या तिघांतली 8 आणि 270. आता न-च्या बाणावर एका बाजूला 40 हवेत, तर दुसरीकडे 8. दोन्ही झुबके एक करता येत नाहीत, आणि दहा बाणांचे पंधरा होतात. शब्द तेच आहेत, फुगवटा फक्त आकड्यांचा आहे. एफएसटी अपेक्षेपेक्षा मोठा झाला, तर आधी हे तपासावं. क्रमांक जाळ्यात आणि पत्ते वेगळ्या तक्त्यात ठेवले की जाळं पुन्हा आटतं.

आधी अख्खा ट्राय बांधून मग त्याच्या शेपट्या जुळवायच्या म्हटलं, तर बांधतानाच मेमरी संपेल. यान दाचुक, स्टोयान मिहोव्ह, ब्रूस वॉटसन आणि रिचर्ड वॉटसन यांनी 2000 मध्ये त्यातून वाट काढली. शब्द क्रमाने आत घ्यायचे. ‘घराने’ आला की ‘घरात’शी त्याचा ‘घरा’ जुळतो. मागे राहिलेल्या त-च्या शेपटीत यापुढे बदल होणार नाही, कारण क्रम पुढे सरकला. ती गोठवायची. गोठवताना शेवटच्या टोकापासून मागे येत प्रत्येक गाठीबाबत एक नोंदवही तपासायची: अगदी अशीच गाठ, म्हणजे तेच बाण, तेच आकडे, तीच पुढची ठिकाणं, आधी झाली आहे का? असेल तर तीच वापरायची, नसेल तर ही नोंदवायची. ‘दाराला’ गोठताना मागून येत येत सगळ्या गाठी नोंदवहीत सापडतात. नवी ठरते ती फक्त द-नंतरची.

सगळा डोलारा शब्द क्रमाने येण्यावर उभा आहे, आणि मराठीत नेमकं इथेच पाऊल घसरतं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह-नंतर; युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये बसवला आहे. बांधणीला युनिकोडचा क्रम लागतो. शब्दकोशाच्या क्रमाने यादी दिली, तर ळ असलेल्या एखाद्या शब्दाशी ‘क्रम चुकला’ असा संदेश येऊन काम थांबतं. तपासणी बंद असेल तर काम थांबतही नाही, तयार होतं ते सदोष जाळं. गोठलेल्या गाठींमुळे दुसरी मर्यादाही येते: तयार एफएसटीत मागाहून शब्द घुसवता येत नाही. नव्या मजकुराचं वेगळं छोटं जाळं बांधायचं आणि सवडीने जुन्यात मिसळून सगळंच नव्याने रचायचं, अशी रीत आहे.

ल्युसीन या मुक्त शोधप्रणालीने, जिच्यावर इलॅस्टिकसर्च आणि सोलर उभे आहेत, 2012 च्या 4.0 आवृत्तीत शब्दसूचीसाठी एफएसटी आणला. त्यात सगळे शब्द मात्र भरले नाहीत. शब्द डिस्कवर साधारण 25 ते 48 च्या गठ्ठ्यांत ठेवले आणि एफएसटीत फक्त त्या गठ्ठ्यांकडे नेणाऱ्या सुरुवाती. एवढंसं जाळं मेमरीत सहज मावतं. शोधलेल्या शब्दाची सुरुवातच त्यात नसेल, तर डिस्कला हात न लावता ‘नाही’ सांगता येतं.

मराठी संग्रहांत आणखी एक घोटाळा वरचेवर दिसतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन-तीन प्रकारे टाईप होतो. पडद्यावर शब्द एकच दिसतो, आतली चिन्हं वेगळी, म्हणून जाळ्यात त्याच्या दोन वाटा होतात आणि एका वाटेने गेलेल्याला दुसरीवरची पानं सापडत नाहीत. सुचवण्यांत एकच शब्द दोनदा दिसला, की हे झालं असं समजावं. सूची बांधण्यापूर्वी आणि शोधतानाही लेखन एकाच साच्यात आणणं हाच त्यावर इलाज.

आणि जिथे मूळ शब्दच बदलतो, तिथे हे जाळं कितीही आटोपशीर असलं तरी हात टेकतं. ‘पाणी’ टाकलं तर ‘पाण्यात’ मिळणार नाही, कारण चौथं चिन्ह ईकाराचं नसून हलन्त आहे आणि वाट तिथेच फुटते. ‘पाण’ टाकलं तर ‘पाण्यात’ मिळतं, सोबत पाणबुडी आणि पाणघोडाही येतात. ‘पाण्यात’चं मूळ ‘पाणी’ आहे, ही नोंद शब्द सूचीत शिरण्याआधीच व्हावी लागते.