दोन रेघा, एकच उगम

क्लाउड चेंबर हे भौतिकशास्त्रातलं फार साधं आणि फार मोठं उपकरण आहे. अणूचा एक कण हवेतून गेला की त्याची वाट या पेटीत धुक्याच्या रेघेने उमटते, आणि ती रेघ कोणतंही भिंग न लावता डोळ्यांना दिसते. ज्यातून कण पार होतो त्या हवेशी त्याचं काय झालं, हे रेघेच्या जाडीवरून, लांबीवरून आणि वळणांवरून वाचता येतं. पुण्यातल्या एका घरात सई आणि तिचा आतेभाऊ ओम यांनी हे वाचन कसं केलं, त्याची ही हकिकत. सई एम.एस्सी. करते, ओम नववीत आहे.

पेटी म्हणजे एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, पालथा घातलेला. त्याच्या बुडाला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, आतून फेल्टचा जाड तुकडा चिकटवलेला. फेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलाचिंब. खाली काळा रंग दिलेली ॲल्युमिनियमची पत्री, आणि तिच्याखाली थर्मोकोलच्या खोक्यात ड्राय आइसचा थर. डब्याची कड आणि पत्री यांमधली फट मातीकामाच्या क्लेने बंद केलेली. खिडक्या उघड्या, हातात जाड मोजे, घरात कुठेही गॅस पेटलेला नाही.

"ताई, दुकानातलं सॅनिटायझर नसतं का चाललं?" ओमने विचारलं.

"त्यात पाणी फार असतं. आपल्याला नव्व्याण्णव टक्के शुद्ध अल्कोहोल हवं. पाणी मिसळलं की वाफ नीट बनत नाही आणि नुसतं दाट धुकं पडतं."

पहिली पंधरा मिनिटं धुकंच होतं. पत्रीवर बारीक थेंबांचा पाऊस पडत होता आणि ओम निराश होत होता. सईने टॉर्च वरून काढून पत्रीच्या अगदी लगत, आडवा धरला.

"आता बघ. वरून उजेड टाकला तर पत्री चमकते आणि थेंब हरवतात. आडव्या उजेडात मागे काळं राहतं आणि थेंब उठून दिसतात."

"पण रेघा कुठे उमटणार?"

"पत्रीच्या वर साधारण एक सेंटीमीटर जाडीच्या थरात. ड्राय आइस उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर असतो. वरून अल्कोहोलची वाफ खाली उतरते, थंड होते, आणि त्या थरात हवेला पेलवेल त्याहून जास्त वाफ होऊन बसते. तिला थेंब व्हायचंय, पण कुठेतरी आधार हवा. विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सापडला की ती त्याच्यावर थेंब करून बसते."

"म्हणजे कण स्वतः दिसत नाही?"

"नाही. त्याने वाटेत हवेच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवले, त्या जागा दिसतात."

ही युक्ती मुळात हवामानातून आली. स्कॉटलंडच्या सी. टी. आर. विल्सन यांनी 1894 मध्ये बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काम करताना ढगांवरचे प्रकाशाचे खेळ पाहिले आणि ते प्रयोगशाळेत घडवायचं ठरवलं. हवा अचानक प्रसरण पावू देऊन थंड करायची, असं त्यांचं यंत्र होतं. 1911 मध्ये त्यात त्यांना कणांच्या वाटा दिसल्या आणि 1927 चं नोबेल पारितोषिक त्यांना आर्थर कॉम्प्टन यांच्याबरोबर मिळालं. सईच्या डब्यासारखा, सतत चालणारा आणि यंत्राशिवायचा प्रकार अलेक्झांडर लँग्सडॉर्फ यांनी 1930 च्या दशकात बनवला.

धुकं विरळ झालं, तसं ओमला काहीतरी दिसलं. एक बारीक, तुटक रेघ आडवी सरकल्यासारखी उमटली आणि सेकंदाभरात खाली बसली. मग आणखी एक, आणि मग एक वेडीवाकडी, शेवटी गुंडाळलेली.

"आपण तर अजून काही ठेवलंच नाही आत!"

"ते आकाशातून येतंय. वातावरणाच्या वरच्या भागात वैश्विक किरण आदळतात, त्यातून म्यूऑन तयार होतात. समुद्रसपाटीला एका चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो. शिवाय भिंतीतल्या, जमिनीतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे गॅमा किरण आत येऊन इलेक्ट्रॉन उडवतात. त्या गुंडाळलेल्या रेघा त्यांच्या."

मग सईने एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेट्रोमॅक्सच्या बत्तीचं मेंटल काढलं. नवं, न पेटवलेलं. गणपतीच्या मिरवणुकीत, तमाशाच्या फडात, वीज गेलेल्या लग्नमंडपात या बत्त्यांनी उजेड दिला. त्या उजेडाचं बरंचसं श्रेय मेंटलमधल्या थोरियमला होतं, कारण थोरियम ऑक्साइड तापलं की फार शुभ्र उजळतं. हे थोरियम भारतात मुख्यतः केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूतल्या मोनाझाइटमधून निघतं.

"हे थेट आत ठेवायचं?"

"नाही. जाळीचे धागे तुटतात आणि धूळ श्वासात जाता कामा नये. म्हणून मी ते या मऊ बाटलीत ठेवलंय आणि तोंडाला कापूस दाबून बसवलाय. थोरियमपासून पुढे थोरॉन नावाचा वायू सुटतो. वायू कापसातून येईल, धूळ येणार नाही."

डब्याच्या बाजूला एक भोक होतं, क्लेने बंद केलेलं. सईने ते उघडलं, नळी लावली, बाटली हलकेच दाबली आणि भोक पुन्हा बंद केलं. आत गेलेल्या उबदार हवेने थर काही क्षण ढवळला. नंतर तो स्थिर झाला आणि ओम ओरडलाच.

जाड, पांढऱ्या, सरळ रेघा. काही सेंटीमीटर लांब आणि शेवटी एकदम तुटलेल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जोडीने येत होत्या: एकाच बिंदूतून दोन दिशांना गेलेल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या.

"आधीच्या रेघांपेक्षा या कितीतरी जाड का?"

"हे अल्फा कण. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, म्हणजे हेलियमचं केंद्र. थोरॉनच्या अल्फाची ऊर्जा साधारण त्रेसष्ट लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हवेत एक आयनजोडी करायला सरासरी पस्तीस लागतात. भागाकार कर."

"एक लाख ऐंशी हजार!"

"आणि ही सगळी ऊर्जा नेहमीच्या हवेत साधारण पाच सेंटीमीटरात संपते. इथे थंड हवा दाट आहे, म्हणून त्याहूनही कमी अंतरात. सरासरी काढलीस तर दर सेंटीमीटरला छत्तीस हजार जोड्या. वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा, तेवढ्या अंतरात पन्नाससाठ जोड्याच करतो. म्हणून त्याची रेघ थेंब मोजता येतील इतकी विरळ."

"आणि बीटा वळतो, अल्फा वळत नाही. असं का?"

"कॅरम खेळतोस ना? सोंगटी तितक्याच वजनाच्या सोंगटीवर आदळली की तिची दिशा बदलते. बीटा स्वतः इलेक्ट्रॉन आहे आणि आदळतो तोही इलेक्ट्रॉनवर. अल्फा इलेक्ट्रॉनच्या सुमारे सात हजार तीनशेपट जड आहे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांनी त्याला काही फरक पडत नाही. अणूच्या केंद्राच्या फार जवळून गेला तरच तो वळतो, आणि ते क्वचित."

एक सावधगिरी सईने इथेच सांगितली, आणि ती महत्त्वाची आहे. वेगवान बीटा आणि म्यूऑन या पेटीत सारखेच दिसतात: बारीक आणि सरळ. त्यांच्यात फरक करायला चुंबकीय क्षेत्र लागतं. कार्ल अँडरसन यांनी 1932 मध्ये चुंबक आणि शिशाची पट्टी वापरूनच पॉझिट्रॉन ओळखला. शिवाय संवेदनशील थर जेमतेम सेंटीमीटरभर जाड असल्यामुळे तिरका जाणारा अल्फा थरातून बाहेर पडतो आणि त्याची रेघ आखूड दिसते. लांबीवरून ऊर्जा काढायची तर जवळपास आडव्या, पूर्ण दिसणाऱ्या रेघाच धराव्या लागतात.

ओमचं लक्ष मात्र व्हीवर होतं. "दोन अल्फा एकाच जागेतून कसे? दोन अणू नेमके शेजारी?"

"एकच अणू. थोरॉन अल्फा टाकतो आणि त्याचा पोलोनियम-216 होतो. त्याचं अर्धायुष्य 0.145 सेकंद. म्हणजे तो जागचा फारसा हलायच्या आत दुसरा अल्फा टाकतो. पहिल्या रेघेचे थेंब अजून खाली बसलेले नसतात, तोवर दुसरी उमटते."

अणूचं एक रूप जन्मलं आणि संपलं, आणि दोन्ही घटना एका नजरेत मावल्या. किरणोत्सर्गातला एवढा छोटा कालावधी घड्याळाशिवाय दाखवणारं दुसरं दृश्य मला माहीत नाही.

पण थोरॉनचं स्वतःचं अर्धायुष्य मोजायला घड्याळ लागतंच. सईने भोक पुन्हा उघडून वायू सोडला, थर स्थिर होऊ दिला आणि ओमला दहा-दहा सेकंदांतले व्ही मोजायला सांगितले. आधी एकतीस आले. एका मिनिटाने सतरा. दोन मिनिटांनी आठ.

"बरोबर अर्धे नाही आले," ओम कुरकुरला.

"येणारच नाहीत. कोणता अणू केव्हा फुटेल, हे ठरलेलं नसतं. सरासरी एकतीस असेल तर एखाद्या मोजणीत पंचवीस येतील, एखाद्या मोजणीत सदतीस. थोरॉनचं अर्धायुष्य 55.6 सेकंद आहे. तुझे आकडे त्याला धरूनच आहेत."

अर्धायुष्य ही कल्पनाच याच वायूतून उभी राहिली. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करताना 1900 मध्ये दाखवलं, की थोरियममधून सुटणाऱ्या वायूची क्रियाशीलता साधारण मिनिटाला निम्मी होते. त्यांनी ती विद्युतमापकाने मोजली. ओमने ती डोळ्यांनी मोजली.

दहा मिनिटांनी व्ही दिसेनासे झाले, पण डबा पूर्वीसारखा रिकामा झाला नाही. तुरळक जाड रेघा आणि नेहमीपेक्षा जास्त बारीक रेघा येतच राहिल्या.

"वायू संपला, मग हे काय?"

"पोलोनियमनंतर शिसं-212 तयार होतं आणि ते भिंतींवर, पत्रीवर बसतं. त्याचं अर्धायुष्य साडेदहा तासांहून थोडं जास्त. ते बीटा टाकतं, मग बिस्मथ होतं, तिथून बीटाही येतो आणि अल्फाही. तीन दिवस थांब, शंभरातला जेमतेम एक अणू उरेल."

हा प्रयोग करणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना काही गोष्टी सांगायला हव्यात. सगळ्याच मेंटलांत आता थोरियम नसतं. वायू सोडूनही जाड रेघ दिसली नाही, पण पार्श्वभूमीच्या बारीक रेघा दिसत असतील, तर डबा ठीक आहे आणि मेंटल बदलायला हवं. बारीक रेघाही नसतील, तर अल्कोहोलची शुद्धता, फेल्टचा ओलावा आणि कडेची फट तपासा. रेघा सरकत, फाटत असतील, तर कुठून तरी हवा शिरते आहे. ड्राय आइस बंद खोलीत किंवा झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात कधीही ठेवू नका. वापरलेलं, जळून राख झालेलं मेंटल मुळीच घेऊ नका. नवं मेंटल बाटलीतून बाहेर काढू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.