द्विभाषिक तक्ता-निष्कर्षण

मराठी व इंग्रजीत छापलेल्या सूचनेच्या स्कॅन प्रतीतील तक्ता वाचून दोन्ही भाषांतील नोंदी समोरासमोरच्या स्तंभांत मांडणे, यास द्विभाषिक तक्ता-निष्कर्षण म्हणतात. टेसरॅक्ट या अक्षरओळख प्रणालीत मराठी स्तंभ `mar`, तर इंग्रजी स्तंभ `eng` या भाषासंचाने स्वतंत्रपणे वाचणे हितावह असते. एकाच नोंदीला मराठीत दोन, इंग्रजीत तीन ओळी लागू शकतात; म्हणून जोड्या ओळींवरून न लावता अनुक्रमांकावरून लावतात.

दोन्ही संच एकत्र वापरल्यास देवनागरी ‘१’ हा ‘9’ वाचला जाण्याचा धोका असतो. भूसंपादनाच्या सूचनेत गट क्रमांक ‘१२०’चा ‘920’ झाल्यास भलतीच जमीन संपादनाखाली दिसते. त्यामुळे देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करून ते इंग्रजी स्तंभातील ‘120’शी ताडतात. तफावत आढळल्यास मूळ प्रत पाहतात. मात्र दोन्ही भाषांत सारखीच छपाईची चूक असल्यास ती या पडताळणीत सापडत नाही.