थाळीफेकीतला ‘एफ-५२’
पॅरा-ॲथलेटिक्समध्ये गट आजाराच्या नावावरून ठरत नाही. शारीरिक उणिवेमुळे त्या खेळातली हालचाल किती अडते, यावरून ठरतो. म्हणूनच मणक्याची इजा आणि पोलिओ झालेले खेळाडू एकाच गटात येऊ शकतात, आणि ते न्याय्यच आहे. एफ-५२ गटातले खेळाडू बसून थाळी फेकतात. त्यांचे खांदे, कोपर, मनगट चालतात. बोटांची पकड मात्र कमजोर असते आणि धडावर ताबा नसतो. तज्ज्ञ आधी स्नायूंची ताकद तपासतात, मग फेक करवून पाहतात. गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेतही निरीक्षण होते. टोकियोत २०२१ मध्ये भारताच्या विनोद कुमार यांनी १९.९१ मीटर फेकीवर कांस्यपदक मिळवले. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतल्यावर फेरतपासणी झाली. तज्ज्ञांना त्यांचा गट निश्चित करता आला नाही आणि निकाल रद्द झाला.