अल्कलाइन, हायड्रोजन आणि स्ट्रक्चर्ड पाणी: जाहिरातीतले दावे कसे तपासावेत?

प्रस्तावना

बाजारात सामू ९ किंवा ९.५ असलेले ‘अल्कलाइन’ पाणी बाटलीतून मिळते. नळाला जोडायची आयोनायझर यंत्रे काही वेळा लाखाच्या वर किमतीला विकली जातात. हायड्रोजन पाणी आणि ‘स्ट्रक्चर्ड’ पाणी ही त्याच दुकानातली पुढची फळी. या सर्वांमागचा मुख्य दावा असा: शरीर आम्लधर्मी झाल्याने आजार होतात, आणि हे पाणी ते आम्ल मारते. हा दावा तपासायला बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र पुरते. फक्त दोन राशींतला फरक नीट कळला पाहिजे: सामू (पीएच) आणि क्षारता.

१. सामू सांगतो एक, क्षारता सांगते दुसरे

सामू म्हणजे या क्षणी पाण्यात मोकळ्या हायड्रोजन आयनांची तीव्रता किती, याचे माप. क्षारता म्हणजे ते पाणी एकूण किती आम्ल उदासीन करू शकते, याचे माप. नेहमीच्या पाण्यात ही क्षमता मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. क्षारता मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम कार्बोनेट या एककात सांगतात. ५० मिग्रॅ म्हणजे एक मिलिमोल आम्ल उदासीन करण्याची क्षमता, हे लक्षात ठेवा.

आता एक उदाहरण सोडवू. शुद्ध पाण्यात किंचित कॉस्टिक सोडा घालून सामू ९.५ केला आहे, असे समजा.

[OH⁻] = 10^(9.5 − 14) = 10^(−4.5) ≈ 3.2 × 10^(−5) mol/L

म्हणजे एक लिटर पाण्यात सुमारे ०.०३२ मिलिमोल हायड्रॉक्साइड आहे. जठररसाचा सामू साधारण १.५ धरू. त्यात हायड्रोजन आयनांची तीव्रता 10^(−1.5), म्हणजे ०.०३२ मोल प्रति लिटर आहे. याचा अर्थ एक मिलिलिटर जठररसात ०.०३२ मिलिमोल आम्ल असते. संपूर्ण लिटरभर ‘अल्कलाइन’ पाणी एक मिलिलिटर जठररसात संपले. जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर रस स्रवते.

याच्याशेजारी साध्या बोअरवेलचे पाणी ठेवा. सामू ७.५, क्षारता २०० मिग्रॅ प्रति लिटर. २०० भागिले ५०, म्हणजे ४ मिलिमोल. हे एक लिटर पाणी सुमारे १२५ मिलिलिटर जठररस उदासीन करू शकते. सामू कमी असूनही आम्ल मारण्याची ताकद सव्वाशे पट! बाटलीवर मोठ्या अक्षरांत सामू छापलेला असतो. क्षारता बहुधा छापलेलीच नसते, आणि दाव्याला लागणारी राशी नेमकी तीच आहे.

अल्कलाइन म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पाण्यांत बायकार्बोनेट खरोखर भरपूर असते, हे मान्य करायला हवे. पण मग ते काम बायकार्बोनेटचे झाले, सामूच्या आकड्याचे नव्हे. अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे ६ मिलिमोल बायकार्बोनेट देतो, आणि त्याची किंमत काही पैशांत होते.

२. जठराच्या पुढे काय?

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो राखण्याचे काम फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. श्वासावाटे दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अन्नातून तयार होणारे दिवसाचे ५० ते १०० मिलिमोल आम्ल मूत्रपिंडे बाहेर टाकतात. या हिशेबात ०.०३२ मिलिमोल कुठे बसते, ते तुम्हीच पाहा.

विक्रेते कधी लघवीची पट्टी दाखवतात: ‘पाणी प्यायल्यावर सामू वाढला, म्हणजे शरीर अल्कलाइन झाले.’ बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्याने लघवीचा सामू वाढू शकतो, हे खरे. पण त्याचा अर्थ उलटा आहे. आलेला जादा क्षार मूत्रपिंडांनी बाहेर टाकला, म्हणूनच रक्त होते तसे राहिले. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र पाण्यातली जादा खनिजे हा प्रश्न होऊ शकतो. त्यांनी असे पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

३. थेंबांचे प्रात्यक्षिक आणि प्रयोगशाळेतली तपासणी

विक्रीच्या टेबलावर दोन ग्लास असतात. दोन्हींत दर्शकाचे थेंब टाकतात. आरओचे पाणी पिवळसर होते, यंत्राचे निळे-जांभळे. ‘पिवळे म्हणजे आम्लधर्मी, घातक’ असे सांगितले जाते. वस्तुतः हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने अगदी शुद्ध पाण्याचा सामूही ५.६ च्या आसपास येतो. त्यातले आम्ल नगण्य असते. आरओच्या ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. रंग लगेच हिरवा-निळा होतो.

दुसरी चाचणी याहून बोलकी आहे. यंत्राच्या निळ्या पाण्यात स्ट्रॉने फुंकर घाला. क्षारता कमी असेल, तर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग थोड्याच वेळात हिरव्या-पिवळ्याकडे परततो. जे पाणी एका फुंकरीपुढे टिकत नाही, ते जठराच्या आम्लापुढे काय टिकणार?

आकडा हवा असेल, तर अनुमापन करा. १०० मिलिलिटर नमुना घ्या, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत ब्युरेटने सोडा. लागलेले मिलिलिटर गुणिले १० म्हणजे क्षारता. वरच्या बोअरवेलच्या नमुन्याला २० मिलिलिटर आम्ल लागेल. कॉस्टिक सोडा घातलेल्या ९.५ सामूच्या नमुन्याला नुसते हायड्रॉक्साइड संपवायला ०.१६ मिलिलिटर, म्हणजे तीनेक थेंब पुरतात. ऊर्ध्वपातित पाण्यातही रंग पालटायला जवळजवळ तेवढेच थेंब लागतात. म्हणून आधी कोरा नमुना करून त्याचे वाचन वजा करायला विसरू नका. ते केले नाही, तर शून्याजवळची क्षारता दुप्पट दिसेल.

४. हायड्रोजन पाणी

आयोनायझरच्या ऋणाग्रावर हायड्रॉक्साइडबरोबर हायड्रोजन वायूही तयार होतो. ओआरपी मीटरवर दिसणारा ऋण आकडा मुख्यतः या विरघळलेल्या वायूमुळे येतो. तो आकडा ‘अँटिऑक्सिडंट शक्ती’ म्हणून दाखवला जातो. पण मीटर पाण्यातल्या इलेक्ट्रोडचा विभव मोजते; शरीरात काय होते ते नाही.

हायड्रोजनबद्दलचे कुतूहल अगदीच निराधार नाही. २००७ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचा रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू झाल्यावर होणारी हानी हायड्रोजन वायू हुंगवल्याने कमी झाली, असे त्यात दिसले. त्यानंतर माणसांवरही अभ्यास झाले, पण ते बहुतेक लहान आणि थोड्या काळाचे आहेत. रोजच्या पाण्याने आजार टळतात, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

मात्राही पाहा. २५ अंश सेल्सिअसला, एक वातावरण दाबाखाली, एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त १.६ मिग्रॅ हायड्रोजन विरघळतो. वायूच्या रूपात हे सुमारे १९ मिलिलिटर होतात. डाळी-उसळींतले तंतुमय पदार्थ आंबवताना मोठ्या आतड्यातले जिवाणू याहून बराच जास्त हायड्रोजन सहज तयार करतात. शिवाय बाटली उघडी राहिली की वायू निसटू लागतो, कारण हवेत हायड्रोजन जवळजवळ नसतोच.

५. ‘स्ट्रक्चर्ड’ पाणी

पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात, म्हणजे पाण्याला रचना असते, हे बरोबर. पण द्रवातले हे बंध पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागाच्या हिशेबात, तुटतात आणि नव्याने जुळतात. भोवरा फिरवून किंवा चुंबक लावून दिलेली षटकोनी रचना बाटलीत महिनाभर टिकू शकत नाही. H₃O₂ हे सूत्रही तपासा: H₃O₂⁻ हा ऋण आयन आहे. तोलाला तेवढेच धन आयन नसताना नुसत्या ऋण आयनांनी भरलेली बाटली असू शकत नाही.

पुरावा म्हणून काही जण ऑक्सिजन-१७ चा एनएमआर आलेख दाखवतात. रेषा अरुंद असेल, तर ‘रेणूंचे गट लहान’ असे सांगतात. प्रत्यक्षात त्या रेषेची रुंदी रेणूंमधल्या प्रोटॉनच्या देवाणघेवाणीवर, म्हणजे सामूवर अवलंबून असते. उदासीन पाण्यात ती सर्वांत रुंद, आणि आम्ल किंवा क्षार घातल्यावर अरुंद होते. म्हणजे आलेखात दिसला तो गटांचा आकार नव्हे, पुन्हा सामूच!

६. ‘अल्कलाइन म्हणजे चांगले’ हे कुठे महागात पडते?

आपल्या देशात या घोषवाक्याचा खरा धोका फ्लोराइडच्या पट्ट्यांत आहे. तेलंगणातला नलगोंडा, राजस्थानचा मोठा भाग, महाराष्ट्रातले यवतमाळ-चंद्रपूर ही त्याची माहितीतली उदाहरणे. जास्त फ्लोराइडचे भूजल अनेकदा निसर्गतःच अल्कलाइन असते. कारण सरळ आहे: सामू आणि बायकार्बोनेट वाढले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडते. कॅल्शियम कमी उरल्याने फ्लोराइडला कॅल्शियम फ्लोराइड म्हणून खाली बसता येत नाही, ते पाण्यातच राहते.

उदाहरणासाठी बनवलेला हा तपासणी अहवाल वाचा: सामू ८.४, क्षारता ४२० मिग्रॅ, कठीणपणा ९० मिग्रॅ, फ्लोराइड ३.१ मिग्रॅ प्रति लिटर. जाहिरातीच्या निकषाने हे उत्तम पाणी: अल्कलाइन आणि मऊ. भारतीय मानक आयएस १०५०० पाहिले, तर सामू ६.५ ते ८.५ मध्ये बसतो. पण फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. हे पाणी त्या सवलतीच्याही दुप्पट आहे. वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग आणि पुढे हाडांचे विकार होतात. ते रंगाने, चवीने ओळखता येत नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून तीव्रता वाढते.

सामू वाढवण्याने यातले काहीच सुधारत नाही. इथे आरओ, सक्रिय अॅल्युमिना किंवा तुरटी व चुना वापरणारी, नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत लागते. म्हणून यंत्राच्या आधी पाण्याची तपासणी करून घ्या. अहवालात पहिल्यांदा ई. कोलाय पाहा (१०० मिलिलिटरमध्ये अजिबात नको), मग फ्लोराइड, नायट्रेट (४५ मिग्रॅपर्यंत) आणि आर्सेनिक (०.०१ मिग्रॅपर्यंत). सामूची पाळी त्यानंतर येते.

स्वाध्याय

१. कॉस्टिक सोड्याने सामू ९.० केलेले एक लिटर पाणी १.५ सामूचा किती जठररस उदासीन करेल? (उत्तर: सुमारे ०.३ मिलिलिटर)

२. बाटली ‘अ’: सामू ९.४, क्षारता १२ मिग्रॅ. बाटली ‘ब’: सामू ७.६, क्षारता १८० मिग्रॅ. कोणती जास्त आम्ल उदासीन करेल, साधारण किती पट? (उत्तर: ‘ब’, १५ पट)

३. तुमच्या वसतिगृहातल्या पिण्याच्या पाण्याचा सामू आणि क्षारता मोजा, आणि बाजारातल्या एका ‘अल्कलाइन’ बाटलीशी तुलना करा. कोरा नमुना वजा केल्याने उत्तर किती बदलले, तेही नोंदवा.