मेंटेनन्स थकलाय, पत्र कसं लिहाल?

ठाण्यातली एखादी चाळीस घरांची सोसायटी डोळ्यांसमोर आणा. मेंटेनन्स महिना ३,००० रुपये, बिल महिनाअखेर भरायचं. एका सभासदाचे एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने थकलेत. ऑक्टोबरअखेर सेक्रेटरी नोटीस लिहायला बसतात आणि बहुतेक वेळा पहिली चूक व्याजात होते.

२०१४च्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावता येतं. तेही सरळव्याज, आणि नेमका दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला हवा. ३,००० रुपयांवर २१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं साडेबावन्न रुपये. एप्रिलचं बिल सहा महिने थकलं, मेचं पाच, असं करत सप्टेंबरचं एकच महिना. मिळून एकवीस महिन्यांचं व्याज, म्हणजे १,१०२ रुपये ५० पैसे. घाईत मात्र १८,०००च्या पूर्ण रकमेवर सहा महिन्यांचं व्याज लावून १,८९० रुपये मागितले जातात. सभासदाला ही चूक सापडली की त्याला न भरण्याचं आयतं कारण मिळतं, आणि दोष त्याला देता येत नाही.

म्हणून नोटिशीत महिनावार तक्ता द्यावा: बिल क्रमांक, मुद्दल, व्याज, एकूण. वर सभासद नोंदवहीतलं नाव आणि सदनिका क्रमांक, खाली कमिटीच्या ठरावाची तारीख. मजकूर चार ओळींचा पुरे: ‘आपल्या सदनिकेची वरील तक्त्यातील रु. १९,१०२.५० इतकी रक्कम येणे आहे. हिशेबाबद्दल हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावी. अन्यथा हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम १५४ब-२९नुसार वसुलीसाठी निबंधकांकडे अर्ज करावा लागेल.’

‘फुकटे’, ‘निर्लज्ज’ असले शब्द नकोत. पाणी तोडण्याची धमकी तर मुळीच नको; तो अधिकार सोसायटीला नाही. कायद्याने दिलेला मार्ग निबंधकांकडून वसुली दाखला मिळवण्याचा आहे. तिथे तुमचा राग कामाचा नाही, हिशेब आणि पत्रव्यवहार लागतो.

काही जण म्हणतात, ‘आधी माझ्या छताची गळती थांबवा, मग पैसे.’ गळतीची तक्रार खरी असेल तर तिची वेगळी दखल घ्या, वेगळं उत्तर द्या. थकबाकीच्या पत्रात तो वाद घालू नका, नाहीतर दोन्ही प्रश्न लोंबकळतात.

नोटीस दाराखालून सरकवू नका. हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या. घर भाड्याने दिलेलं असेल तर मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती त्याच फाइलमध्ये लावा.