धुराच्या दिवशी पळायचं कुठं, आणि किती?

आपल्या गटातल्या सहा घरच्या मुली आणि एक सूनबाई पोलीस भरतीची तयारी करतात. 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. रोज पहाटे 5 वाजता शाळेच्या मैदानावर. पावसाळ्यात अडचण चिखलाची, पण ऊसतोड सुरू झाली, की पाचट पेटतं, वीटभट्ट्या लागतात आणि अडचण हवेची होते.

मागच्या थंडीत आमच्या हातून एक चूक झाली. मैदानावर धूर दाटला होता, म्हणून आम्ही म्हटलं, "पोरींनो, आज आतच करा." आत म्हणजे आमच्याच घरची पुढची खोली. मागं चूल पेटलेली, मधे नुसता पडदा. जागच्या जागी पळून दहा मिनिटं झाली नाहीत तोच दोघी खोकायला लागल्या. बाहेरच्यापेक्षा आतला धूर जास्त होता, पण आमच्या डोळ्यांना त्याची सवय, म्हणून तो दिसलाच नाही.

तेव्हापासून आम्ही आधी बाहेर बघतो. मैदानावरून पाण्याची टाकी स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर ते धुकं की धूर? धुकं अंगाला ओलं लागतं, त्याला वास नसतो. धूर डोळ्यांना झोंबतो, घशात खवखवतो. पुष्कळदा दोन्ही मिसळलेलं असतं. वास आला की आम्ही धूरच धरतो.

मोबाईलवर हवेचा आकडा दिसतो. 100 पर्यंत ठीक, 200 च्या वर खराब, 300 च्या वर अतिशय खराब. पण तो आकडा मागच्या 24 तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, आणि मोजायचं यंत्र बहुतेक वेळा शहरात. शेजारच्या फडात तासाभरापूर्वी पाचट पेटलं, हे त्याला कुठून कळणार? आकडा वाईट असेल तर जपायचं, पण आकडा चांगला दिसला म्हणून समोरच्या धुरात पळायचं नाही.

पहाटेचीच हवा चांगली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. थंडीत ते उलटं होतं. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची त्या मानानं ऊबदार राहते. मग धूर वर जात नाही, झाकण ठेवलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखा गावावर बसून राहतो. ऊन तापलं की तो वर उठतो. म्हणून अशा दिवशी पहिला उपाय घरात जाणं नाही, थांबणं आहे. नऊ-दहाला टाकी स्पष्ट दिसली आणि वास गेला, तर मैदानावरच जा. कॉलेजला किंवा मजुरीला जाणाऱ्यांना हे जमत नाही, हेही खरं.

आता जोर किती लावायचा? बसलेलं असताना आपण मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना तीच 60 लिटरच्या वर जाते, आणि तीही तोंडानं. नाकात गाळली जाते तेवढीही मग गाळली जात नाही. म्हणजे दहा मिनिटांच्या जोराच्या पळण्यात तासाभराहून जास्त वेळच्या श्वासांचा धूर छातीत जातो. ओढणी बांधून उपयोग नाही, धुराचे बारीक कण कापडातून पार होतात.

यंदा एका बुधवारी 400 मीटरच्या चार जोरदार फेऱ्या ठरल्या होत्या. टाकी दिसेना, जळका वास. थांबायला कुणाला वेळ नव्हता. आम्ही समाजमंदिर उघडलं. तिथं चूल नाही. उदबत्ती लावली नाही, कोरडा झाडू मारला नाही, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. धूर येत होता त्या बाजूच्या खिडक्या लावल्या. पण बंद खिडक्यांनी धूर कमी होतो, संपत नाही, म्हणून आतही दम लागेल असं काही केलं नाही. उठाबशा, भिंतीला टेकून बसणं, हातात गोळा धरून खांद्याचा व्यायाम, मधे भरपूर विसावा. खूण एकच ठेवली: व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की जोर कमी.

सूनबाई म्हणाली, "ताई, फेऱ्या बुडाल्या की!" बुडाल्या नाहीत. गुरुवारी वारा सुटला, टाकी लख्ख दिसली, तेव्हा त्या चारही फेऱ्या मैदानावर झाल्या.

आमच्यातल्या एकीला दमा आहे. टाकी अंधुक दिसली तरी ती त्या दिवशी पळत नाही, आणि श्वासाचा पंप ओट्यात असतोच. पण खोकला थांबेना, छाती आवळली किंवा श्वासात शिट्टी वाजली, तर कुणीही असो, त्या दिवशीचा व्यायाम तिथंच बंद. स्वच्छ हवेत नेऊन बसवायचं, आणि थोड्या वेळात आराम पडला नाही तर दवाखाना गाठायचा.