उपाशी शरीराचा जमाखर्च

फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांचं जेवण एका दिवसात निम्म्यावर आणलं गेलं. धडधाकट मुलं होती ती. युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता आणि त्याऐवजी या प्रयोगासाठी नावं दिली होती. युरोपात महायुद्धाने लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा अंगावर आणायचं तर उपाशी शरीरात नेमकं काय घडतं, हे आधी कळायला हवं, असं शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांचं म्हणणं होतं. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली त्यांची प्रयोगशाळा होती. मुलं तिथेच राहायची आणि दोन वेळा मोजून वाढलेलं जेवायची. जेवणात मुख्यतः बटाटे, सलगम, कोबी, पाव आणि मॅकरोनी असायची. आठवड्याला २२ मैल चालणं मात्र सक्तीचं होतं.

चोवीस आठवड्यांत त्यांचं सरासरी वजन ६९ किलोंवरून साडेबावन्न किलोंवर आलं. सुरुवातीला वजन झरझर उतरलं, मग उतरण्याचा वेग मंदावला आणि शेवटी शेवटी तर ते जवळजवळ थांबलं. कीज यांनी आहार आखलाही तसाच होता. तरी त्या आकड्यांकडे नीट पाहिलं तर चक्रावायला होतं. प्रयोगाआधी ही मुलं दिवसाला सुमारे साडेतीन हजार कॅलरी खर्च करत होती. शेवटी ती सुमारे १,५७० कॅलरी खात होती आणि तेवढ्यावर त्यांचं वजन टिकत होतं. म्हणजे रोजचा एकोणीसशे कॅलरींचा खर्च नाहीसा झाला होता. तो कुठे गेला, याचा हिशेब कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. वजन का अडतं हे समजून घ्यायला आजही त्याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

नुसतं पडून राहायला शरीराला जी ऊर्जा लागते, तिच्यात सुमारे सहाशे कॅलरी वाचल्या. यातल्या दोन तृतीयांश बचतीत गूढ काहीच नाही. शरीरच लहान झालं होतं. स्नायू झडले होते, तेव्हा पोसायला पेशीच कमी उरल्या होत्या. उरलेला एक तृतीयांश भाग, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी, ही खरी काटकसर. उरलेली प्रत्येक पेशी पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत दिवस काढत होती. हे बाहेरूनही दिसत होतं. मिनिटाला पंचावन्नच्या आसपास असणारी नाडी पस्तीसच्या घरात आली होती. ऐन जुलैत मुलं अंगावर पांघरूण मागत होती आणि चहा-कॉफी सोसवेल तितकी कढत पीत होती.

अन्न पचवायलाही ऊर्जा लागते. अन्नच कमी झाल्यावर तिथे दीडशेएक कॅलरी वाचल्या. पण सगळ्यात मोठी रक्कम हालचालीच्या खात्यात होती. जवळपास साडेअकराशे कॅलरी! त्यातला काही भाग हलक्या शरीराचा, कारण बावन्न किलो उचलून चालायला एकोणसत्तर किलोंपेक्षा कमी कष्ट पडतात. पण निम्म्याहून जास्त बचत निव्वळ कमी हलण्याने झाली. सक्तीचं चालणं होतंच. त्यापलीकडची हालचाल मुलांनी सोडून दिली. जिना टाळायचा, बसल्या जागेवरून उठायचं नाही. आळस करायचा असं ठरवून कुणी हे केलं नव्हतं. ते आपोआप होत गेलं.

जिममध्ये ‘मेटाबॉलिझम स्लो झालाय’ असं सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण ते वाटतं त्यापेक्षा लहान. हा बदल कसा होतो, हे आता बरंच कळलं आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि साठा आटत चालल्याची खबर मेंदूला मिळते. मग थायरॉइडच्या क्रियाशील संप्रेरकाचं प्रमाण उतरतं, नाडी मंदावते आणि स्नायू तेच हलकं काम कमी ऊर्जेत उरकू लागतात. न्यूयॉर्कमधल्या रोझेनबॉम आणि लीबेल यांनी वजन उतरलेल्या लोकांना लेप्टिन टोचून त्याची पातळी पूर्वीइतकी केली, तेव्हा यातले बरेचसे बदल मागे फिरले. मात्र मिनेसोटातली मुलं मुळात सडसडीत होती आणि तिथून पाव हिस्सा वजन गमावून बसली होती. साधं डाएट करणाऱ्या जाड माणसात ही जास्तीची काटकसर बहुतेक वेळा दिवसाला पन्नास ते शंभर कॅलरींच्या आसपास भरते. एवढ्याने सहा महिन्यांत वजन ठप्प होत नाही.

मग होतं कशाने? याचं उत्तर मधुमेहाच्या एका गोळीने दिलं. कॅनाग्लिफ्लोझिन घेतलं की रोज सुमारे ९० ग्रॅम साखर, म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी, लघवीवाटे निघून जातात. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर हे औषध घेतलेल्या दीडशेएक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हे लोक डाएटवर नव्हते, त्यामुळे निश्चय ढळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांचं वजन चारेक किलो उतरलं आणि थांबलं. साखर तर शेवटपर्यंत तेवढीच जात होती. वजनाच्या आलेखावरून हॉल यांनी उलटा हिशेब केला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस ते तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे भुकेचा जोर खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट.

हा आकडा एका माणसाला लावून पाहू. कुणी रोज सातशे कॅलरी कमी खायला लागलं आणि आठ किलो उतरवले. आता त्याचा खर्च साधारण दोनशे कॅलरींनी घटला आहे. नुसता तेवढाच बदल असता तर पाचशेची तूट शिल्लक राहून वजन अजून बरेच महिने उतरत राहिलं असतं. पण भूक पहिल्या दिवसापेक्षा आठशे कॅलरी जास्त मागते आहे. माणूस तिच्याशी झगडतो आणि बराचसा जिंकतोही. तरी भाजीत तेल जरा सढळ पडतं, मुलाच्या ताटातलं उरलेलं ‘वाया कशाला’ म्हणून तोंडात जातं, दुपारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं येतात. अशा पाचशे कॅलरी भरल्या की तूट संपली. ‘मी तर पूर्वीइतकंच कमी खातोय’ असं तो म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. प्रयत्न खरंच तेवढाच असतो. आता तेवढ्याच प्रयत्नात तेवढा घास आवरत नाही, इतकंच.

अडलेलं दिसणारं प्रत्येक वजन अडलेलं असतंच असं मात्र नाही. मिनेसोटातल्या मुलांचे पाय आणि घोटे सुजले होते. चरबी आणि स्नायू घटत होते, पण अंगात पाणी साठत होतं, त्यामुळे झीज काट्यावर पूर्ण दिसत नव्हती. साध्या डाएटमध्येही खारट जेवण, पाळीचे दिवस किंवा नव्याने सुरू केलेला जड व्यायाम यांमुळे किलो-दोन किलो पाणी सहज वरखाली होतं आणि दोन-तीन आठवड्यांची खरी घट त्याखाली लपते. म्हणून एका सकाळच्या आकड्यावरून काही ठरवू नये. रोज सकाळी, काही खाण्यापिण्याआधी वजन करावं, आठवड्याची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्या उतरत असतील तर फक्त पाणी लपंडाव खेळतंय. चारही सारख्या असतील तर निदान आठवडाभर तेलाचा चमचासुद्धा मोजून प्रत्येक गोष्ट लिहून काढावी आणि तो आकडा पहिल्या महिन्यातल्या आकड्याशी ताडून पाहावा. आणि जिथे खाणं खरोखरच मिनेसोटाच्या पातळीवर गेलंय, सतत थंडी वाजते, नाडी फार मंद झाली आहे किंवा पाळी बंद झाली आहे, तिथे आणखी एक पोळी कमी करणं हा उपाय नव्हे. तिथे खाणं वाढवायला हवं आणि डॉक्टरही गाठायला हवा.